कवींनी कृपया गद्य लिहावं

मार्च १९१६. बेल्जियममधलं ईप्र हे गाव जर्मन तोफांनी जवळजवळ जमीनदोस्त केलेलं. गावाच्या जुन्या तटबंदीखालच्या एका तळघरात ब्रिटिश सैनिकांचं एक छोटं पत्र छापलं जात होतं. ईप्र हा उच्चार इंग्रज शिपायांच्या जिभेला पेलवेना, म्हणून ते त्या गावाला ‘वायपर्स’ म्हणत. त्यावरून पत्राचं नाव पडलं ‘द वायपर्स टाइम्स’. संपादक होते कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि त्यांचे मदतनीस लेफ्टनंट जॅक पिअर्सन. दोघंही शेरवुड फॉरेस्टर्सच्या बाराव्या बटालियनमधले. ढिगाऱ्यात त्यांना एक मोडका छापखाना सापडला. युद्धाआधी छपाईचं काम करणारा एक सार्जंट तुकडीत होता, त्यानं तो चालू केला. खिळे इतके थोडे होते की एका वेळी एकच पान जुळवता येई. ते छापून झालं की तेच खिळे सोडवून पुढचं पान. इंग्रजीत ज्याच्याशिवाय ओळ पुरी होत नाही त्या ‘ई’ अक्षराचाही तुटवडा होता. १२ फेब्रुवारी १९१६ ला पहिला अंक निघाला. पानं बारा आणि प्रती शंभर.

अंक हातोहात गेला आणि रॉबर्ट्सपुढे एक अडचण उभी राहिली, जी आजही प्रत्येक कचेरीतल्या, कारखान्यातल्या, बँकेतल्या अंतर्गत वार्तापत्राच्या संपादकापुढे उभी असते. वाचायला सगळे तयार. लिहायला जे तयार, ते सगळे कवी.

त्यावर त्यानं एक छोटं निवेदन छापलं. त्याचा आशय असा: डिव्हिजनमध्ये एक छुपा रोग पसरला असून त्यामुळे कवितांचं वादळ उठलं आहे, हे कळवताना खेद होतो. एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बाँब घेतलेले तरुण अधिकारी काव्यदेवतेशी तंद्री लावून काटेरी तारांजवळून चालताना दिसले आहेत. कोठीवरचे क्वार्टरमास्तरसुद्धा गुडघ्यावरच्या रबरी बुटांचा हिशेब घालता घालता गाऊ लागले आहेत. तरी यांतल्या काही कवींनी गद्याकडे वळावं, संपादक आभारी राहील; केवळ कवितांवर पत्र जगत नाही.

चार वाक्यांत मामला संपला. पण लेखन मागवणारं निवेदन कसं असावं, हे शिकायला याहून चांगला धडा मिळणं कठीण आहे. त्यात एकच मागणी आहे, गद्य हवं. ‘आपली प्रतिभा फुलवा’, ‘पत्र तुमचंच आहे’ असलं काही नाही. आणि ती मागणी शेवटच्या वाक्यात येते, तोवर वाचणारा हसतो आहे. हसतो, कारण त्यात त्याच्या ओळखीचं जग आहे. वही घेऊन फिरणारा अधिकारी त्यानं परवाच पाहिलेला असतो. बुटांवरून हुज्जत घालणारा क्वार्टरमास्तर तर प्रत्येक पलटणीत असायचा. लष्करी कोठीच्या यादीत वस्तूचं नाव आधी आणि वर्णन मागून लिहायची रीत होती, म्हणजे ‘बूट, रबरी, मांडीपर्यंत’ असं. ती रीतही रॉबर्ट्सनं त्या निवेदनात जशीच्या तशी उतरवली. बाहेरच्या माणसाला त्यातली गंमत समजावून सांगावी लागते, आतल्याला नाही. अंतर्गत पत्राचा विनोद असाच असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या निवेदनात कुणाचंही नाव नाही. कविता भिकार आहेत, असंही कुठे म्हटलेलं नाही. थट्टा आहे ती कवितांच्या संख्येची. त्यामुळे ज्याची कविता टेबलावर पडून होती, तोही हसू शकला. तरी एवढ्यानं गद्याचा पूर आला, असंही झालं नाही. ‘वायपर्स टाइम्स’मधला बराचसा मजकूर अखेरपर्यंत रॉबर्ट्स आणि पिअर्सन यांनीच लिहिला. तुकडी हलेल तसं पत्राचं नाव बदलत गेलं. युद्ध संपताना, १९१८ च्या अखेरीस, ‘द बेटर टाइम्स’ या नावानं त्याचा शेवटचा अंक निघाला. निवेदन कितीही चांगलं लिहिलं तरी एकट्यानं किती काम करतं, याची मर्यादा इथेच दिसते. त्याकडे पुढे येऊच.

मराठीत अंतर्गत पत्राची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि त्याच घरातून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. आज सहकारी बँका, साखर कारखाने, विमा कंपन्या, रुग्णालयं, मोठ्या गृहनिर्माण संस्था असं कुठे ना कुठे एखादं वार्तापत्र निघत असतंच. कधी छापील, कधी मोबाइलवर पीडीएफ. आणि त्यात साधारण पुढच्यासारखं निवेदन असतं:

‘आपल्या गृहपत्रिकेचा आगामी अंक लवकरच प्रकाशित होत आहे. तरी सर्व कर्मचारी बंधू-भगिनींनी आपले दर्जेदार साहित्य (कथा, कविता, चारोळ्या, लेख, प्रवासवर्णन, पाककृती इ.) जास्तीत जास्त संख्येने लवकरात लवकर पाठवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

हे लिहिणाऱ्याची तळमळ खोटी नसते. पण या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द माणसाला लिहिण्यापासून परावृत्त करतो. ‘दर्जेदार’ वाचलं की कॅशवर बसणारी बाई म्हणते, हे आपलं काम नव्हे. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कोणती तारीख, हे कुणालाच कळत नाही, म्हणून कुणीच लगबग करत नाही. ‘साहित्य’ हा शब्द तर थेट दिवाळी अंकाची आठवण करून देतो. कागदाच्या एकाच बाजूस लिहा, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडा आणि मग ‘साभार परत’ची वाट बघा! कंसातली यादी उदार वाटते, पण जिथे काहीही चालतं तिथे काय लिहावं हे सुचत नाही. मग ज्यांच्या वहीत आधीच काही लिहिलेलं असतं, तेवढेच पाठवतात. वहीत आधीच लिहिलेलं म्हणजे बहुतेक वेळा कविता. कवींचा यात काही दोष नाही. प्रश्नच असा विचारला गेला की त्याचं उत्तर फक्त त्यांच्यापाशी तयार होतं.

आता हेच निवेदन दुसऱ्या तऱ्हेनं लिहून बघू. समजा, जिल्ह्यात पंचवीसेक शाखा असलेली एक सहकारी बँक आहे. मुख्य कचेरीतला एक अधिकारी आपलं रोजचं काम सांभाळून दर दोन महिन्यांनी आठ पानांचं वार्तापत्र काढतो. त्यानं असं लिहावं:

‘नमस्कार. मागच्या अंकासाठी नऊ कविता आल्या. त्यांतल्या सात पावसावर होत्या. यंदा पाऊस वेळेवर आला तो या सात जणांच्या पाठपुराव्यामुळेच, आणि असा पाठपुरावा आपल्यालाही शिकवा, असं वसुली विभागाचं म्हणणं आहे.

पुढच्या अंकासाठी मात्र गद्य हवंय, तेही थोडंच. काउंटरवर ग्राहकानं तुम्हाला विचारलेला असा एक प्रश्न लिहून पाठवा, की ज्याचं उत्तर देताना तुम्ही क्षणभर थबकलात. नमुना म्हणून हा एक घ्या. पासबुक भरून घेताना एका आजोबांनी विचारलं, “माझे पैसे आत्ता नक्की कुठल्या कपाटात आहेत?” खिडकीमागच्या आपल्या सहकाऱ्यानं काय सांगितलं, ते अंकात वाचाच. तुम्हाला कुणी काय विचारलं?

दहा ओळी पुष्कळ झाल्या. शुद्धलेखन आमच्यावर सोडा. टाइप करायचा कंटाळा असेल तर कागदावर लिहून मुख्य कचेरीच्या टपालात टाका, नाहीतर मोबाइलवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ. ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक आणि रक्कम तेवढी लिहू नका. १८ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत आलेलं सगळं वाचू, छापण्याआधी तुम्हाला दाखवू, आणि जागा झाली नाही तर तसंही कळवू.

कवींनी रागावू नये. शेवटच्या पानावरची चौकट त्यांचीच आहे. फक्त या अंकात पावसाला सुट्टी.’

इथे मागणी एका प्रश्नापर्यंत आणली आहे. ‘अनुभव लिहा’ असं म्हटलं असतं, तर तीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोर उभी राहून माणूस गोंधळला असता. ‘थबकायला लावणारा एक प्रश्न’ म्हटलं की काउंटरवरच्या प्रत्येकाला एखादा तरी आठवतोच, आणि तो सांगायला दहा ओळी खरोखर पुरतात. दहा ओळी म्हणजे साधारण शंभर शब्द. पासबुक छापून होईपर्यंत शेजारच्याला जेवढं सांगता येतं, तेवढंच.

नमुना देताना हात थोडा राखावा लागतो. आजोबांचा प्रश्न गमतीचा आहे, पण त्यामागे फार मोठा प्रसंग नाही. त्याच जागी संपादकानं एखादी हृदयस्पर्शी, घोटून लिहिलेली आठवण दिली असती, तर ‘एवढं काही आपल्याकडे नाही’ म्हणून निम्मे लोक मागे फिरले असते. नमुना वाचून ‘यापेक्षा भारी माझ्याकडे आहे’ असं वाटलं पाहिजे. आजोबांना काय उत्तर मिळालं ते राखून ठेवलं आहे, तेही मुद्दाम. अंक आल्यावर ते शोधायला म्हणून तरी लोक पान उघडतात.

थट्टेची परीक्षा मात्र छापण्याआधीच घ्यायला हवी. ‘सात कविता पावसावर’ हे वाक्य सात जणांत वाटलं जातं, म्हणून चालतं. पावसावरची कविता एकाच माणसाची असती, तर तेच वाक्य त्या एकट्याची जाहीर टवाळी ठरलं असतं, कारण पंचवीस शाखांत कविता कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वसुली विभागाच्या नावावर टाकलेलं म्हणणंही आधी त्या विभागात जाऊन वाचून दाखवावं. ते हसले तर छापावं. तिथला साहेब ओठ आवळून ‘छान आहे’ म्हणाला, तर ते वाक्य काढलेलं बरं. शिपाई, सुरक्षारक्षक, कंत्राटी कामगार यांच्यावर तर अशा निवेदनात विनोद करूच नये. ते उलट उत्तर छापू शकत नाहीत. रॉबर्ट्स आपल्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांवर आणि कोठीवाल्यांवर हसला, खंदकात पहारा देणाऱ्या साध्या शिपायावर नाही.

तारीख निवडतानाही कामाचं वेळापत्रक बघावं लागतं. बँकेत महिनाअखेर आणि पुढचे चार-पाच दिवस कुणालाही मान वर काढायला फुरसत नसते. सप्टेंबरच्या आणि मार्चच्या अखेरीला तर काही मागूच नये. म्हणून नमुन्यात महिन्याच्या मधली तारीख आहे. कारखान्यात पाळ्या असतात. तिथे निवेदन ईमेलनं पाठवलं तर ते फक्त कचेरीतल्या टेबलांपर्यंत पोचतं. तेच मोठ्या टायपात छापून कँटीनमध्ये आणि टाइम ऑफिसशेजारच्या फळ्यावर लावलं, आणि खाली एक पेटी ठेवली, तर मशीनवरचा माणूसही वाचतो.

पेटीची युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावी कापडगिरण्या होत्या आणि तिथे खेड्यांतून आलेल्या तरुण मुली काम करत. दिवसाचे बारा-बारा तास मागावर उभ्या राहून संध्याकाळी त्या एका पाद्र्यांच्या मंडळात जमत. पाद्र्यांचं नाव एबल थॉमस. बुजऱ्या मुलींनाही लिहिता यावं म्हणून लेख निनावी पेटीत टाकायचे आणि थॉमस यांनी ते सभेत वाचून दाखवायचे, अशी रीत पडली. त्या लेखांतून ऑक्टोबर १८४० मध्ये ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचं नियतकालिक निघालं. गिरणीत काम करणाऱ्या बायकांनीच लिहिलेल्या त्या पत्राची कीर्ती दूरवर गेली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स लोवेलला येऊन गेले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्याची वाखाणणी केली.

पण निमंत्रण कुणाला होतं आणि कशाला नव्हतं, हा प्रश्न तिथेही उठला. सेरा बॅगली या गिरणीकामगार बाईनं सुरुवातीच्या काळात ‘ऑफरिंग’मध्ये गिरणीतल्या आयुष्यातल्या सुखांवर लेख लिहिला होता. पुढे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून ती चळवळीत उतरली आणि १८४५ मध्ये तिनं जाहीर सभेत आरोप केला की, गिरण्यांवर टीका करणारे आपले लेख या पत्रानं नाकारले. तेव्हाच्या संपादक हॅरिएट फार्ली, ज्या स्वतः गिरणीत काम केलेल्या होत्या, यांनी तो आरोप मान्य केला नाही. दोघींमध्ये वाद रंगला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ऑफरिंग’ बंद पडलं.

आजच्या संपादकाच्या हातात एवढी मोकळीक नसते, हे खरं. कंपनीच्या पैशानं निघणाऱ्या पत्रात पगारवाढीचा वाद छापला जाणार नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. मग निदान ती मर्यादा निवेदनात सरळ सांगावी. ‘बदल्या आणि बढत्यांविषयीच्या तक्रारी इथे छापत नाही, त्या अमुक ठिकाणी द्या’ हे एक वाक्य हलक्याफुलक्या मजकुरातही शोभून दिसतं आणि लोकांना फसवल्यासारखं वाटत नाही. सगळं मागवायचं आणि नको ते गुपचूप टोपलीत टाकायचं, हे एकदा कळलं की पुढच्या वेळी पेटी रिकामी राहते.

निवेदन बाहेर पडण्याआधी ते साहेबांच्या टेबलावरून जातं, आणि तिथे ‘दर्जेदार’ पुन्हा घुसतं. कधी संस्थेच्या ध्येयधोरणाचा एक परिच्छेदही वर चढतो. यावर उपाय म्हणजे कागद नुसता सहीला न पाठवता समोर बसून वाचून दाखवणं. आजोबांच्या कपाटाशी साहेब हसले की पेन खाली राहतं. शक्य असेल तर साहेबांकडूनच एक प्रश्न मिळवावा. तेही कधीकाळी खिडकीमागे बसलेले असतात.

मग मजकूर येऊ लागतो, आणि आलेल्या मजकुरावरूनच निवेदन कुठे कमी पडलं ते कळतं. सगळी उत्तरं मुख्य कचेरीतून आली, तर कागद शाखांपर्यंत पोचलेलाच नाही. दोन-दोन पानांचे निबंध आले, तर दहा ओळींवर कुणाचा विश्वास बसलेला नाही. प्रत्येक उत्तराच्या शेवटी व्यवस्थापनाचं कौतुक असेल, तर माणसं सहकाऱ्यांसाठी लिहीत नसून वरिष्ठांसाठी लिहीत आहेत. अशा वेळी पुढचा प्रश्न असा निवडावा की त्यात साहेबांना जागाच नसेल: डबा कुठे बसून खाता, शाखेतलं सर्वांत जुनं यंत्र कोणतं, पहिल्या दिवशी कुणी काय शिकवलं.

आणि काहीच आलं नाही तर? तेव्हा फोन उचलावा लागतो. निवेदनाचं खरं काम एवढंच की, फोन केल्यावर समोरच्याला विषय आधीच माहीत असतो. ‘तुम्ही परवा जेवताना त्या दूधवाल्याची गोष्ट सांगितलीत ना, तीच हवी आहे,’ असं म्हटलं की नकार द्यायला कारण उरत नाही. ती गोष्ट फोनवरच उतरवून घ्यावी, त्यांच्याच शब्दांत, आणि छापण्याआधी वाचून दाखवावी. न विचारता सुधारलेला एक शब्द पुढचे चार लेख अडवतो. ‘पाकिट’चं ‘पाकीट’ केलं तर कुणी रागावत नाही, पण ‘म्हातारबा’ लिहिलेल्याचं ‘ज्येष्ठ नागरिक’ केलं, तर लिहिणाऱ्याला ते आपलं वाटत नाही.

अंक जुळवताना आलेल्या उत्तरांपैकी सर्वांत छोटं उत्तर पानाच्या सर्वांत वर घ्यावं, लिहिणाऱ्याच्या नावानिशी आणि शाखेच्या नावानिशी. तीन ओळी असल्या तरी. त्याच पानाच्या तळाशी पुढच्या अंकाचा प्रश्न आणि तारीख द्यावी. वरच्या तीन ओळी वाचून ज्याला आपली गोष्ट आठवते, त्याला ती कुठे पाठवायची हे पान न उलटता सापडतं.